मुलाखतीतला ‘म्हणजे’ काढायचा, बाईंचा आवाज ठेवायचा

प्रश्न: एका निवृत्त शिक्षिकेची दीड तास मुलाखत घेतली, टाइप करून घेतली. जसंच्या तसं ठेवलं तर वाचवत नाही. ‘म्हणजे’, ‘ना’, ‘असं’ काढून वाक्यं नीट केली, तर बाई बोलतायत असं वाटतच नाही, मीच बोलतोय असं वाटतं. किती काढायचं? आणि अवतरणचिन्हांतल्या वाक्यांना हात लावलेला चालतो का?

‘म्हणजे’ आणि ‘ना’ काढल्यामुळे बाईंचा आवाज गेला, असं तुम्हाला वाटतंय. बावीस वर्षं मासिकासाठी मुलाखतींचं संपादन करून माझं मत असं झालंय, की आवाज तिथे जात नाही. तो जातो ‘वाक्यं नीट केली’ तिथे. भरीचे शब्द बरेचसे काढले तरी माणूस शाबूत राहतो. पण क्रियापद उचलून वाक्याच्या शेवटी नेलं, ‘मिटूनच’मधला ‘च’ खाल्ला, ‘लाइट गेली’चं ‘वीजपुरवठा खंडित झाला’ केलं, की माणूस उठून निघून जातो आणि त्याच्या खुर्चीत आपण बसतो.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक परिच्छेद शब्दाशब्दाने उलगडून दाखवते. एका निवृत्त परिचारिकेच्या मुलाखतीतला आहे, त्यांच्या परवानगीने. नवजात बाळांच्या वॉर्डातली रात्रपाळी, बऱ्याच वर्षांपूर्वीची. ध्वनिमुद्रणात त्या असं बोलल्या:

> म्हणजे त्या रात्री ना, म्हणजे काय झालं, की लाइट गेली. म्हणजे आधी पण जायची, नाही असं नाही, पण ते आपलं जनरेटर, ते चालू व्हायचं लगेच. त्या दिवशी नाहीच झालं. मग आम्ही… मी. मीच होते तिथे एकटी, दुसरी सिस्टर ती खाली गेली होती, रक्त, रक्ताची पिशवी आणायला. तर मग असं ते बाळ होतं ना मशीनवर, तर त्याला मी आपलं हाताने, ते अँबू बॅग म्हणतात ना, ती, दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन असं. म्हणजे किती वेळ, वीस मिनिटं, नाही, वीस नसतील, पण मला वीस वाटली. आणि डोळे मिटूनच केलं मी ते, बरं का, कारण अंधारात डोळे उघडे ठेवले ना की भीती वाटते, मिटले की नाही वाटत. तर असं.

आमच्याकडे तेव्हा नव्याने लागलेल्या एका सहकाऱ्याने याचं पहिलं संपादन केलं. हुशार मुलगा, भाषा स्वच्छ. त्याने दिलेला मजकूर असा होता:

> त्या रात्री वीजपुरवठा खंडित झाला आणि जनरेटरही सुरू झाला नाही. वॉर्डात मी एकटीच होते. मशीनवरील बाळाला मी सुमारे वीस मिनिटे अँबू बॅगच्या साहाय्याने हाताने श्वास दिला. अंधारात भीती वाटू नये म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.

व्याकरणात चूक नाही. पण चार वाक्यांत चार गोष्टी बदलल्या आहेत, आणि त्या नुसत्या शैलीच्या नाहीत. ‘आधी पण जायची, पण जनरेटर चालू व्हायचं लगेच’ हे गेल्यामुळे, जनरेटर एरवी नीट चालत होतं आणि त्या एकाच रात्री चाललं नाही, ही माहिती गेली. आता ते वाक्य रुग्णालयावरच्या ठपक्यासारखं वाचलं जातं, आणि तो ठपका बाईंनी ठेवलेलाच नाही. ‘सुमारे वीस मिनिटे’ तर सरळ खोटं आहे, कारण वीस नसतील असं त्या स्वतः म्हणाल्या होत्या. ‘भीती वाटू नये म्हणून’ हा हेतू संपादकाने दिला. बाई फक्त इतकंच सांगत होत्या, की उघडे ठेवले की वाटते, मिटले की नाही वाटत. आणि ‘दाब-दोन-तीन’ गेलं, ज्याच्यामुळे ती खोली आपल्याला ऐकू येत होती.

आता हाच परिच्छेद मी कसा केला ते सांगते.

भरीच्या शब्दांपासून सुरुवात करू. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ हे शब्द ऐकणाऱ्यासाठी असतात. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली इंग्रजीतल्या अशा हुंकारांबद्दल मांडलं होतं, की त्यांतला एक ‘थोडं थांबा’ असं सुचवतो आणि दुसरा ‘जरा जास्त थांबा’ असं. मला हे फार उपयोगी पडलं, कारण त्यातून कामाची कसोटी मिळते. समोर बसलेल्या माणसाला थांबवून ठेवणं एवढंच त्या शब्दाचं काम असेल, तर कागदावर ते संपलं, कारण वाचणाऱ्याला थांबावं लागतच नाही. तो शब्द काढा. पण तोच शब्द आणखी काही करत असेल, तर तो भरीचा नाही.

चार ‘म्हणजे’ पाहा. पहिले दोन सुरुवातीचे आहेत, बाई आठवणीत पाऊल टाकण्याआधी जरा चाचपतायत. गेले. तिसरा ‘म्हणजे आधी पण जायची’ हा खरं तर खुलासा आहे, ‘तसं आधीही जायची’ या अर्थाचा. पण पुढचं ‘नाही असं नाही’ तेच काम करतं, म्हणून तोही गेला. ते नसतं तर मी ठेवला असता. चौथ्यात त्या स्वतःलाच प्रश्न विचारतायत: किती वेळ? तिथे शब्द काढला आणि प्रश्नचिन्ह दिलं. ते चिन्ह मी घातलेलं असलं तरी त्यांच्या स्वराचंच आहे. ध्वनिमुद्रणात स्वर तिथे स्पष्ट वर जातो.

‘आपलं’ दोनदा आलंय आणि दोन्ही वेगळे आहेत. ‘ते आपलं जनरेटर’ हे शब्द सापडेपर्यंतचं थांबणं आहे. पण ‘त्याला मी आपलं हाताने’ मधला ‘आपलं’ मोठ्या गोष्टीला लहान करून सांगतो. एका बाळाचा श्वास हातात धरला होता, आणि बाई म्हणतायत ‘आपलं हाताने’. हा शब्द काढणं म्हणजे त्या बाईंचा स्वभावच काढणं.

‘बरं का’ राहिला, कारण तो ऐकणाऱ्याला खूण करतो की आता महत्त्वाचं सांगतेय. ‘रक्त, रक्ताची पिशवी’ ही नुसती अडखळ, तिथे एक ‘रक्त’ काढलं. ‘दुसरी सिस्टर ती’ मधला ‘ती’ काढला. शेवटचं ‘तर असं’ त्या जवळजवळ प्रत्येक आठवणीच्या शेवटी म्हणत होत्या. प्रत्येक वेळी ठेवलं असतं तर तिसऱ्या वेळी वाचक तोच शब्द मोजू लागला असता, कारण कानाला जे खटकत नाही ते डोळ्याला लगेच खटकतं. सगळीकडून काढलं असतं, तर बाईंची गोष्ट संपवायची लकब गेली असती. म्हणून अख्ख्या लेखात एकदाच ठेवलं, दुसऱ्या एका आठवणीच्या शेवटी, जिथे त्यानंतर त्या खरोखर गप्प झाल्या होत्या.

आता ‘आम्ही… मी.’ हे आमच्या सहकाऱ्याने अडखळ समजून काढलं होतं. पण संपूर्ण मुलाखतीत बाई ‘आम्ही’ म्हणत होत्या. आम्ही इंजेक्शन द्यायचो, आम्ही रात्र काढायचो. परिचारिका बहुतेक अशाच बोलतात, कारण काम पाळीने आणि जोडीने होतं. इथे सवयीने ‘आम्ही’ आलं आणि लगेच लक्षात आलं की त्या रात्री ‘आम्ही’ नव्हतंच. त्या एका दुरुस्तीत एकटेपणा आहे, आणि ‘मी एकटीच होते’ लिहून तो येत नाही. तशीच ‘वीस मिनिटं, नाही, वीस नसतील’ ही दुरुस्ती. माणूस बोलताना स्वतःला दुरुस्त करतो तेव्हा दोन शक्यता असतात. जीभ अडखळली असेल, तर दुरुस्त रूप ठेवा आणि आधीचं गाळा. विचार बदलला असेल, तर दोन्ही ठेवा. आधीचं गाळल्याने वाचणाऱ्याची काही माहिती बुडते का, एवढं स्वतःला विचारलं की कुठली कोणती ते सहसा कळतं.

मग मजकूर असा झाला:

> त्या रात्री काय झालं, की लाइट गेली. आधी पण जायची, नाही असं नाही, पण जनरेटर चालू व्हायचं लगेच. त्या दिवशी नाहीच झालं. मग आम्ही… मी. मीच होते तिथे एकटी, दुसरी सिस्टर खाली गेली होती, रक्ताची पिशवी आणायला. ते बाळ होतं ना मशीनवर, त्याला मी आपलं हाताने, अँबू बॅग म्हणतात ना, ती, दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन. किती वेळ? वीस मिनिटं, नाही, वीस नसतील, पण मला वीस वाटली. आणि डोळे मिटूनच केलं मी ते, बरं का. कारण अंधारात डोळे उघडे ठेवले ना की भीती वाटते, मिटले की नाही वाटत.

काढलेले शब्द मोजले तर अठराएक निघतील. घातलेला एकही नाही. क्रम कुठेही हलवलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दलच.

लिहिताना आपण क्रियापद शेवटी ठेवतो. बोलताना मराठी माणूस क्रियापद आधी टाकून बाकीचं मागून जोडतो: ‘चालू व्हायचं लगेच’, ‘मीच होते तिथे एकटी’, ‘केलं मी ते’. क्रियापदानंतर आलेल्या त्या एक-दोन शब्दांत बोलण्याचा ताल असतो. टाइप केलेला मजकूर समोर आला की आपला हात आपोआप ‘लगेच चालू व्हायचं’, ‘मी ते डोळे मिटून केलं’ असं करतो. प्रत्येक बदल इतका किरकोळ वाटतो की बदल केला हेही लक्षात राहत नाही. पानभर असं झालं की मग तुम्हाला वाटलं तसं वाटतं, ‘मीच बोलतोय’. मी नव्या माणसाला पहिले काही महिने एकच बंधन घालते: काढायचं असेल तेवढं काढ, पण शब्दांची जागा बदलायची नाही. काढूनही वाक्य उभं राहत नसेल, तर ते अवतरणात घेऊच नको, तुझ्या शब्दांत सांग.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’, ‘की’ ही छोटी अव्ययं. भरीचे शब्द शोधायला बसलं की हीसुद्धा चाळणीतून खाली पडतात. ‘त्या दिवशी झालं नाही’ आणि ‘त्या दिवशी नाहीच झालं’ यांत बातमी तीच आहे, पण दुसऱ्यात वाट पाहून थकलेली व्यक्ती आहे. ‘ना’सुद्धा दोन तऱ्हेचा असतो. ‘त्या रात्री ना’ मधला नुसता टेका आहे. ‘उघडे ठेवले ना की’ मधला अट घालतो, तो काढला तर वाक्य लंगडतं. म्हणून ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळे ‘ना’ एकदम कधीच काढू नका.

लेखनाबद्दल एवढंच, की बोलणाऱ्याच्या तोंडी ‘केलं’, ‘होतं’, ‘मिनिटं’ ही अनुस्वाराची रूपं ठेवायला संकोच करू नका. तुमचं निवेदन ‘केले’, ‘होते’ असं असलं तरी बोलणं बोलण्यासारखं लिहिता येतं. मात्र बोलीचा उच्चार अक्षरन् अक्षर उतरवण्याच्या मोहात पडू नका. बोलीतले शब्द, म्हणी, वाक्याची वळणं ठेवा, उच्चारांचं प्रदर्शन मांडू नका. यात एक अन्याय नकळत होतो तोही सांगते. शिकलेला माणूसही बोलताना वाक्यं अर्धी सोडतो, लिंग चुकवतो, पण त्याचं आपण गुपचूप नीट करतो. ज्याची बोली वेगळी, त्याचं मात्र ‘अस्सल’ म्हणून जसंच्या तसं ठेवतो. एकाच लेखात दोघं असतील तर दोघांना एकच माप लावा. वरच्या परिच्छेदात बाई ‘ते जनरेटर’ म्हणाल्या होत्या आणि मी ‘चालू व्हायचं’ तसंच ठेवलं, ‘व्हायचा’ केलं नाही. डॉक्टर असते तरी ठेवलं असतं. इंग्रजी शब्दांनाही हाच न्याय. ‘लाइट’, ‘मशीन’, ‘सिस्टर’ हे त्यांचे रोजचे शब्द आहेत, त्यांचं भाषांतर करणं आपलं काम नाही.

आता अवतरणचिन्हांकडे येते. हात लावलेला चालतो का, याचं उत्तर ‘हो, काढण्यापुरता’ असं आहे. अर्थाला धक्का न लावता हुंकार, पुनरुक्ती आणि निव्वळ अडखळ काढली, तर ते कुठेही जाहीर करावं लागत नाही, वाचकही ते गृहीत धरतो. बातमीच्या जगात नियम याहून कडक असतो. असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेत तर अवतरणातलं किरकोळ व्याकरणही दुरुस्त करू नये असं सांगितलेलं आहे. वाक्य वापरण्याजोगं नसेल तर ते अप्रत्यक्ष कथनात घ्यावं. लांब मुलाखतीत आपण त्यापेक्षा थोडी मोकळीक घेतो, पण कसोटी एकच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ मध्ये हाच वाद आला होता. जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकाने पत्रकार जॅनेट माल्कम यांच्या लेखातली अवतरणं आपली नाहीत असा दावा केला होता. न्यायालयाने म्हटलं, की शब्द मुद्दाम बदलले एवढ्यावरून अवतरण जाणूनबुजून खोटं दिलं असं ठरत नाही. बदलामुळे अर्थात ठळक फरक पडला पाहिजे. कायद्यासाठी ती रेघ ठीक आहे. संपादकाने तिच्या बरंच अलीकडे थांबावं, कारण ‘ठळक फरक’ कुठे सुरू होतो ते टेबलाशी बसून नेहमी दिसत नाही.

मधली वाक्यं गाळायची असतील तर इंग्रजीच्या धर्तीवर तीन टिंबं देतात. मी देत नाही. मराठीत वाचक ती टिंबं थबकणं म्हणून वाचतो. एकाच लेखात ‘आम्ही… मी’ मधली टिंबं थबकण्याची आणि दुसरीकडची गाळण्याची असतील, तर त्याला कळणार कसं? म्हणून जिथे गाळते तिथे अवतरण बंद करते, मध्ये माझं एक वाक्य घालते आणि पुन्हा उघडते. ते वाक्य नुसतं ‘त्या पुढे म्हणाल्या’ असण्यापेक्षा काही माहिती देणारं असेल तर उत्तम. वरच्या परिच्छेदाआधी मी निवेदनात एक ओळ घातली होती, की अँबू बॅग म्हणजे हाताने दाबून फुप्फुसात हवा ढकलायची रबरी पिशवी. त्यामुळे बाईंच्या तोंडी खुलासा कोंबावा लागला नाही. चौकटी कंस घालून शब्द पुरवायचीही सोय आहे, पण एका अवतरणात दोन कंस लागले की समजावं, हे अवतरण नव्हेच.

दोन ठिकाणचं बोलणं एका अवतरणात जोडणं हा सगळ्यात निसरडा भाग आहे. दीड तासात माणूस एकाच घटनेकडे तीनदा येतो, आणि बाराव्या मिनिटाचं वाक्य सत्तराव्या मिनिटाच्या वाक्याला छान जुळतं. एकच घटना, एकच मुद्दा आणि मध्ये मत बदललेलं नसेल, तर मी जोडते, पण दोन्हींमध्ये अवतरण तोडून. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली मात्र कधीही लावू नका. आणि प्रश्नोत्तराच्या रूपात छापणार असाल, तर आपला प्रश्न नंतर धारदार करू नका. उत्तर त्या वेळच्या बावळट प्रश्नाला दिलेलं असतं. नव्या प्रश्नाखाली तेच उत्तर उद्धट किंवा टाळाटाळ केल्यासारखं दिसू शकतं.

याचाच एक भाऊबंद आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या मुलाखतीत सापडतो. आपण विचारतो, ‘मग तुम्हाला राग आला असेल?’ समोरची व्यक्ती म्हणते, ‘हो ना.’ आणि लेखात येतं: ‘मला फार राग आला.’ हे वाक्य त्यांचं नाही, तुमचं आहे. त्यांनी फक्त मान डोलावली, कदाचित भिडेखातर. एक तर प्रश्नासकट छापा, नाहीतर ‘राग आला का असं विचारल्यावर त्यांनी होकार दिला’ असं लिहा. तुमच्या मजकुरात भावनांची नावं असलेली अवतरणं शोधा आणि तो शब्द आधी कोण बोललं ते मुद्रणात ऐका.

अप्रत्यक्ष कथनात मराठीची एक खास अडचण आहे. ‘त्या म्हणाल्या, की मी एकटीच होते’ असं आपण सहज लिहितो. चिन्हं नाहीत, पण ‘मी’ तसाच राहिल्यामुळे वाचकाला ते त्यांचेच शब्द वाटतात. शब्द नेमके त्यांचे नसतील तर ‘त्या रात्री आपण वॉर्डात एकट्याच होतो, असं त्यांनी सांगितलं’ असं लिहा. या ‘आपण’ने सांगणारी व्यक्ती वेगळी आणि लिहिणारा वेगळा हे लगेच स्पष्ट होतं. माहिती, तारखा, कोण कुठे होतं हे सगळं अशा कथनात जाऊ द्या. अवतरण राखून ठेवा ते जिथे सांगण्याची पद्धतच सांगितलेल्या गोष्टीइतकी महत्त्वाची आहे तिथे.

यावरून कामाचा क्रमही ठरतो. दीड तासाच्या गप्पांचे टाइप केल्यावर दहाएक हजार शब्द सहज होतात, आणि तुमचा लेख असेल दोन-अडीच हजारांचा. सगळा मजकूर आधी साफ करत बसलात तर तीन चतुर्थांश मेहनत वाया जाईल, शिवाय साफ केलेल्या मजकुरात सगळंच सारखं दिसू लागल्याने निवडही बिघडेल. मूळ प्रत न छेडता बाजूला ठेवा. तिच्यात दर दोन-तीन मिनिटांनी मुद्रणातली वेळ लिहून ठेवा, पुढे शोधताना जीव वाचतो. दुसऱ्या प्रतीत आधी फक्त काय घ्यायचं ते निवडा. मग मुद्रण पुन्हा ऐकत एका कागदावर बाईंच्या बोलण्याच्या आठ-दहा खुणा टिपा: स्वतःला ‘मी’ म्हणतात की ‘आम्ही’, गोष्ट कुठून सुरू करतात, आकडा विचारला की काय करतात, कुणाची नक्कल करतात का. त्यानंतर साफसफाईला लागा, तो कागद डोळ्यांसमोर ठेवून.

आणि हे काम टाइप केलेल्या कागदावरून करू नका, कानाने करा. हे मी एका चुकीतून शिकले आहे. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांच्या मुलाखतीत टाइप होऊन आलं होतं: ‘आम्हाला कुणीच मदत केली नाही, नाही म्हणजे तसं नाही.’ मला ती पुनरुक्ती वाटली. पहिला भाग ठेवला, उरलेला काढला. अंक निघाल्यावर त्यांचा फोन आला. ते रागावले नव्हते, फार दुखावले होते. मुद्रण काढून ऐकलं तर ‘तसं नाही’च्या पाठोपाठ आवाज खाली नेऊन ते म्हणाले होते, ‘एकाने केली.’ टाइप करणाऱ्याला ते ऐकू आलं नव्हतं, आणि मी ऐकलंच नव्हतं. तो ‘एक’ माणूस तेव्हा हयात होता, आणि त्याने तो लेख वाचला होता. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, पण लेख जितक्यांनी वाचला तितक्यांनी दुरुस्ती वाचलेली नसते.

स्वर हाही ऐकूनच कळतो. ‘बरोबर आहे त्यांचं’ हे कुणी कुत्सितपणे म्हटलं असेल, तर कागदावर ती सहमती होते. तिथे निवेदनात स्वर सांगा, नाहीतर ते वाक्य सोडून द्या. दर चार ओळींनी कंसात ‘हसतात’ लिहिण्यापेक्षा हे बरं.

सगळं झालं की एकदा मुद्रण लावा आणि आपला मजकूर त्याच्याबरोबर मोठ्याने वाचा. जिथे तुमची जीभ बाईंच्या पुढे धावते तिथे तुम्ही जास्त काढलंय. जिथे तुमचा सूर वर्तमानपत्र वाचल्यासारखा लागतो, तिथे क्रम बदलला गेलाय, मूळ प्रत उघडून पाहा.

शेवटी बाईंना दाखवायचं की नाही. तथ्यांची खात्री करून घ्यावीच, पण छापील मजकूर हातात देऊ नका असं मी सांगेन. विशेषतः तुमच्या बाई शिक्षिका आहेत. लेखी मजकूर दिसला की त्या लाल शाई घेतील, आणि जे तुम्ही जपून ठेवलंत ते सगळं ‘नीट’ करून परत पाठवतील. ‘अहो, मी अशी बोलते?’ हे प्रत्येक जण म्हणतो. त्याऐवजी फोन करा किंवा समोर बसा आणि त्यांची अवतरणं त्यांना वाचून दाखवा. कानाने ऐकताना माणूस शुद्धलेखन तपासत नाही, घडलेलं तसंच सांगितलंय का हे तपासतो.

त्या परिचारिकांना मी फोनवरच वाचून दाखवलं. त्या सगळं शांतपणे ऐकत होत्या. एकाच ठिकाणी त्यांनी मला थांबवलं, आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. ‘वीस वाटली, असंच लिहिलंय ना? राहू द्या तसंच. वीस होती असं लिहाल, तर तेव्हाचे डॉक्टर वाचतील आणि म्हणतील, सिस्टर, वीस नव्हती. आणि खरंच नव्हती.’